एका भोकाची बास्केट

१
जयपुरातल्या झालान्याच्या डोंगरात सकाळी मोर ओरडतात, त्याच सुमारास माझ्या यंत्राचा पंप घुरघुरायला लागतो. शेजारी दोन्हींनी जागे होतात. तक्रार एकाचीच येते.

२
खोक्यावर ठळक छापलंय: १५ बार. हा आकडा पंपाचा आहे, कॉफीचा नव्हे. पंपाचं तोंड पुरतं बंद केलं तर तो जास्तीत जास्त किती जोर लावेल, एवढंच त्यातून कळतं. एस्प्रेसोला लागतो ९ बारच्या आसपास. छापणाऱ्याला १५ मोठा वाटला. घेणाऱ्यालाही.

३
खोक्यातून निघालेला ऐवज: एक दांडा (पोर्टाफिल्टर म्हणायचं, पण हातात घेतल्यावर दांडाच), दोन बास्केट, आणि काळा प्लास्टिकचा चमचा. चमच्याचं दुसरं टोक चपटं. त्याने पूड दाबायची म्हणे. बास्केटचा व्यास ५१ मिलिमीटर, चपट्या टोकाचा त्याहून चांगलाच कमी. कडेची पूड बिनदाबाचीच राहते, आणि पाण्याला कड फार आवडते.

४
बास्केट वरून पाहिली तर तळाला बारीक जाळी, शेकडो भोकं. उलटी केली तर एकच भोक, टाचणीच्या टोकाएवढं.

तळ दुहेरी आहे. आतला जाळीचा, बाहेरचा सपाट पत्र्याचा, मध्ये थोडी फट. कॉफी शेकडो भोकांतून उतरते, फटीत जमते आणि त्या एकाच भोकातून बाहेर पडते. हिला प्रेशराइज्ड म्हणतात. साध्या बास्केटला बाहेरचा तळ नसतो. उजेडात धरली की चाळणीसारखी दिसते.

दुकानात कोणी उलटी करून दाखवत नाही. मीही केली नव्हती.

५
बागेतल्या पाइपच्या तोंडावर अंगठा ठेवला की पाणी लांब उडतं. आत दाब वाढतो, पण तो अंगठ्याने वाढवलेला असतो. पाइपमध्ये काय आहे याच्याशी त्याचा संबंध नाही.

दुहेरी तळातलं ते एक भोक म्हणजे हा अंगठा. पूड जाड असो, शिळी असो, वेडीवाकडी भरलेली असो. पाण्याची अडवणूक भोक करतं, पूड नाही. साध्या बास्केटमध्ये अडवणूक करायला पुडीखेरीज कोणी नसतं. म्हणून तिथे ती बारीक हवी, सारखी भरलेली हवी आणि भाजून फार दिवस झालेली नको. नवशिक्याच्या दृष्टीने सगळा फरक या परिच्छेदात संपतो. पुढची टिपणं आपली हौस.

६
घरमालकीणबाई दारातून: "भाईसाब, यो काँई छै?"
म्हटलं, कॉफीची मशीन.
"ब्याह वाळी?"
नाही, लग्नातली नाही.

७
लग्नातली 'एक्स्प्रेसो'. सांगलीच्या मंगल कार्यालयात लहानपणी पाहिलेली. पितळी घुमट, त्यातून निघालेली वाफेची नळी, नळी दुधाच्या मगात खुपसून तो प्राण्यासारखा आवाज, वर कोको पावडरची चिमूट. त्या यंत्रातून कॉफी येतच नव्हती. कॉफी होती विरघळणारी, मगात आधीच टाकलेली. यंत्र फक्त वाफ देत होतं. दोन पिढ्यांनी एस्प्रेसो म्हणून पंगतीनंतर जे प्यायलं ते गरम फेसाळ दूध होतं. फेस म्हणजे कॉफी, हा आमचा समज तिथला.

८
यंत्राच्या दुहेरी तळाने हा समज मोडत नाही. तो समज धरूनच ते यंत्र विकलं जातं.

९
तीन पुड्यांचा प्रयोग. एक दहा दिवसांपूर्वी भाजलेली. दुसरी किराणा दुकानातल्या पाकिटातली, जिच्यावर भाजल्याची तारीखच नाही, फक्त 'बेस्ट बिफोर'. तिसरी कपाटाच्या मागे सापडलेली, मागच्या उन्हाळ्यातली, वासाने खोक्याच्या पुठ्ठ्याशी नातं सांगणारी.

तिन्ही दुहेरी तळातून काढल्या. तिन्हींवर फेस. जाडी डोळ्यांना जवळपास सारखी. पुठ्ठ्याच्या नातेवाइकावरही बोटभर.

खरा फेस, म्हणजे क्रेमा, भाजलेल्या बीमध्ये कोंडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा असतो. दाबाखाली तो पाण्यात विरघळतो आणि कपात आल्यावर बारीक बुडबुडे होऊन सुटतो. बी शिळी झाली की वायू उडून जातो, क्रेमाही जातो. एका भोकातून जोरात फवारलेली कॉफी मात्र स्वतःबरोबर हवा ओढते आणि घुसळली जाते. हा फेस ताकासारखा: घुसळलं म्हणून आलेला. त्याच्यावरून बीबद्दल काहीही कळत नाही.

१०
आई फोनवर: "त्यापेक्षा फेटून कर. वाटीत कॉफी, साखर, चमचाभर पाणी. दहा मिनिटं हात चालव. तुझ्या मशीनपेक्षा घट्ट फेस येतो."

येतो.

११
मिलानच्या आकिले गाजिया याने १९४८ मध्ये तरफेची यंत्रं बाजारात आणली. त्याआधीची यंत्रं वाफेच्या जेमतेम दीड बारवर चालत आणि त्यांच्या कॉफीवर फेस नसायचा. नव्या यंत्रातून आलेला तवंग लोकांना ओळखीचा नव्हता, तेव्हा गाजियाने त्याला नाव देऊन यंत्रावरच लिहिलं: क्रेमा काफे.

फेस आधी आला, मागणी नंतर. आता मागणी आधी आहे.

१२
पुण्याहून भाच्याचा फोन. त्याने यंत्राबरोबर हातग्राइंडरही घेतलाय, ताज्या बिया मागवल्यात, व्हिडिओ बघून अगदी मैद्यासारखं दळलंय आणि टॅम्परने अंगाचा भार टाकून दाबलंय.
"मामा, थेंब थेंब पडतेय. पंप नुसता कण्हतोय. आणि कडूजहर."
"बास्केट उलटी कर. भोकं मोज."
"..."
"किती?"
"एक."

१३
त्याची चूक अभ्यासू माणसाची होती. व्हिडिओत शिकवलं होतं ते साध्या बास्केटसाठी. हातात होती दुहेरी. आता पूडही अडवते आणि भोकही अडवतं. वर बारीक कण फटीत उतरून भोकच बुजवतात ते वेगळं.

त्याला सांगितलं ते असं. दुहेरी तळासाठी दळण बारीक रव्याएवढं ठेव, मैद्याएवढं नको. पूड हलक्या हाताने सारखी कर, नुसती बसेल एवढीच दाब. आणि भोक बुजलं असेल तर यंत्राबरोबर एक पिन आली असेल, ती वापर; नसेल तर बारीक सुई. बाहेरून आत टोच, मग नळाखाली धर. पाण्याची सरळ धार पडली की झालं.

संध्याकाळी फोटो. फेस आला होता. "मामा, पण चव?"

१४
दुहेरी तळाला बारीक दळण चालत नाही, एकेरीला जाड चालत नाही. यंत्राचं माहितीपत्रक बारा भाषांत आहे. हे वाक्य एकीतही नाही.

१५
झालान्यात एकदा सफारीला गेलो होतो. बिबट्या दिसला नाही. गाइड जिप्सी थांबवून धुळीतला ठसा दाखवत राहिला: मादी आहे, रात्री गेली, घाईत नव्हती.

वापरलेल्या कॉफीच्या चकतीत असंच वाचन करणारे लोक आहेत. चकती ओली निघाली, म्हणजे बिघडलं. माझ्या यंत्रात ती नेहमीच ओली निघते. शॉट संपल्यावर उरलेलं पाणी मागे ओढून सोडून देणारा झडपेचा भाग मोठ्या यंत्रांत असतो. स्वस्त यंत्रांत बहुधा नसतो. पाणी चकतीच्या डोक्यावर साचून राहतं. ओल्या चकतीवरून फक्त एवढं कळतं की यंत्र स्वस्त आहे.

चकतीत आरपार टोचल्यासारखं भोक दिसलं तर मात्र थांबायचं. पाणी तिथून पळालंय.

१६
लाइट गेली. शॉट सुरू होऊन बारा सेकंद झाले होते. पंप गप्प, कपात अर्धा घोट. दोन मिनिटं वाट पाहिली असती तर बरं झालं असतं. मी पंधरा सेकंद पाहिली आणि दांडा फिरवला.

दुहेरी तळात दाब कोंडलेला राहतो. बाहेर पडायला त्याला तेच एक टाचणीएवढं भोक, आणि त्या दिवशी ते अर्धवट बुजलेलं असणार. दांडा सुटताक्षणी 'फट्' झालं. गरम काळा चिखल ओट्यावर, टाइल्सवर, कॅलेंडरवर. मनगटावर दोन फोड. कॅलेंडरवरचा आमेरचा किल्ला अजून तपकिरी आहे.

तेव्हापासून: पंप बंद झाल्यावर ठिबकणं थांबेपर्यंत हात लावत नाही. ठिबकणं फार लवकर थांबलं तर त्याहून जास्त थांबतो, कारण मग भोक बुजलेलं असू शकतं. वाफेची नळी उघडून आधी दाब सोडतो. प्रेशर कुकर हाताळणाऱ्या घरात हे कोणाला सांगावं लागू नये. मला लागलं.

१७
साधी बास्केट आली. वजनाला कागदासारखी. किंमत काहीशे रुपये. मागवताना दोन गोष्टी मोजल्या: व्यास आणि खोली. तिसरी पाहायची राहिली असती: दाब बास्केटमध्येच तयार होतो ना? काही यंत्रांत ती अडवणूक दांड्याच्या पोटात असते, स्प्रिंगची झडप किंवा प्लास्टिकची गुडदी. तिथे बास्केट बदलून काही होत नाही. अंगठा खाली तसाच राहतो.

१८
एकच पूड, दोन तळ. किराणा दुकानातलं पाकीट, १४ ग्रॅम, कपाखाली वजनकाटा.

दुहेरी: २४ सेकंदांत २८ ग्रॅम. फेस भरपूर. चव गुळमुळीत, शेवटी कडवट, पण पिण्यासारखी.

एकेरी: ७ सेकंदांत २८ ग्रॅम. फेस नावाला, रंग कोऱ्या चहाचा. आंबट, आणि आंबटाच्या मागे काहीच नाही.

पहिल्या कपाने सांगितलं, ठीक आहे. दुसऱ्याने सांगितलं, पूड जाड आहे. माहिती दुसऱ्या कपात जास्त होती. प्यायलो पहिला.

१९
इथेच पुष्कळ लोक साधी बास्केट परत पाठवतात. "खराब निघाली."

२०
मुळात क्रम उलटा झाला होता. आधी बास्केट, मग ग्राइंडर. साध्या बास्केटला दळलेलं पाकीट चालणं जवळपास अशक्य, पाकिटावर 'एस्प्रेसो ग्राइंड' लिहिलेलं असलं तरी. कारण योग्य जाडी प्रत्येक यंत्राला, प्रत्येक बीला, आणि दर आठवड्याला थोडी बदलून लागते. पाकिटात ती एकदाच ठरलेली असते, कोणाच्या तरी दुसऱ्या यंत्रासाठी.

म्हणजे साधी बास्केट काहीशे रुपयांची नाही. काहीशे अधिक ग्राइंडरचे काही हजार.

२१
ग्राइंडर आणला. हाताचा, पोलादी पात्यांचा, खाली खटके असलेली चकरी. बी जयपुरातच भाजलेली, क्युरिअस लाइफची. पाकिटावर भाजल्याची तारीख, नऊ दिवसांपूर्वीची. बेत: १४ ग्रॅम आत, २८ ग्रॅम बाहेर, पंप सुरू केल्यापासून २५ ते ३० सेकंदांत. फक्त दळण बदलायचं, बाकी काही नाही.

खटका १२: ११ सेकंद. आंबट, खारट.
खटका १०: १७ सेकंद. आंबटच, पण आता काहीतरी फळासारखं.
खटका ९: ४१ सेकंद. आधी बराच वेळ काही नाही, मग काळे थेंब. कडू. जीभ सुपारी खाल्ल्यासारखी कोरडी.

हवं होतं साडेनऊ. माझ्या ग्राइंडरला साडेनऊ नाही. एका खटक्याची उडी एस्प्रेसोला फार मोठी. गाळण्याच्या कॉफीला ती चालून जाते, म्हणून जाहिरातीत 'सर्व प्रकारच्या कॉफीसाठी' लिहिलेलं असतं.

२२
तोड वजनात निघाली. खटका ९ तसाच ठेवला आणि १४ ऐवजी १३ ग्रॅम घेतले. थर पातळ, अडवणूक कमी. २६ ग्रॅम, २९ सेकंद.

धार आधी काळी, मग विटेच्या रंगाची, उंदराच्या शेपटीसारखी बारीक. फेस दुहेरी तळाच्या निम्म्याहून कमी, पण गडद, वर वाघाच्या कातड्यासारखे पट्टे. घोट घेतला. संत्र्याची साल, गूळ, आणि शेवटी कडू, पण जाणारं कडू.

एकटाच होतो. सांगायला कोणी नाही. भाच्याला आकडे पाठवले. त्याने अंगठा पाठवला.

२३
दुसऱ्या दिवशी तेच १३ ग्रॅम, तोच खटका, तीच बी. १६ सेकंद. शिवाय दांड्याखालून एक तिरकी बारीक फवारणी थेट पांढऱ्या शर्टावर.

काही बदललं नव्हतं. म्हणजे मी बदललो होतो. घाईत पूड ओतली आणि तशीच दाबली. पुडीत गाठी होत्या. गाठीशेजारी पोकळी, पोकळीतून पाण्याला वाट. एकदा वाट सापडली की पाणी बाकीच्या पुडीकडे पाहत नाही. एवढ्याशा जागेतून जास्त पाणी गेलं तर तिथली पूड कडू होते आणि उरलेली आंबट राहते. एकाच घोटात कडूही आणि आंबटही लागलं तर हेच झालेलं असतं. दळण बदलायचं नाही. भरणं सुधारायचं.

२४
बाटलीच्या बुचात चार बारीक सुया टोचल्या. पूड बास्केटमध्ये ओतायची, तळापर्यंत सुया घालून गोल गोल फिरवायची, गाठी फुटेपर्यंत. मग बास्केट ओट्यावर एकदा हलकेच आपटायची, मग सरळ दाब. किती जोराने, याला महत्त्व कमी. टॅम्पर तिरका झाला की मात्र पाणी पातळ बाजूने जातं.

ही सुयांची युक्ती जॉन वाइस नावाच्या हौशी माणसाची, २००५ च्या सुमाराची. दह्याच्या डब्याचा तळ कापून त्याने नरसाळं केलं होतं. आता त्याच्या नावाने स्टँडसकट सुया विकत मिळतात. बूच फुकट.

२५
दुहेरी तळ वापरत होतो त्या चार महिन्यांत गाठी नव्हत्या का? होत्याच. शर्ट पांढरा राहिला एवढंच.

२६
इथली हवा. एप्रिलमध्ये इतकी कोरडी की दळलेली पूड ग्राइंडरच्या डब्याला, चमच्याला, माझ्या हातावरच्या केसांना चिकटते. १३ ग्रॅम घातले तर १२.४ निघतात. बाकी ओट्यावर. सांगलीत पावसाळ्यात मिठाचे खडे होतात. इथे कॉफी उडते.

उपाय: बियांवर दळण्याआधी पाण्याचा एक थेंब, चमच्याने हलवून. ओरेगन विद्यापीठातल्या लोकांनी २०२३ मध्ये हे मोजून छापलं. दळताना घर्षणाने वीज साठते, ओलाव्याने ती कमी होते, गाठी कमी होतात आणि कॉफी जास्त दाट उतरते. वाचून मी लगेच बशीभर पाणी ओट्यावर ठेवलं. त्यात मुंग्या पडल्या.

जुलैत पहिला पाऊस आला आणि त्या आठवड्यात सगळे सेकंद पुन्हा हलले. दुहेरी तळाच्या माणसाला पाऊस फक्त खिडकीतून कळतो.

२७
चिकोरी. दक्षिणी फिल्टरची पूड घरात असतेच, आणि नवशिक्या ती एकदा तरी यंत्रात घालून बघतो. चिकोरी पाण्यात फार विरघळते आणि चिकट होते. साध्या बास्केटमध्ये तिचा लगदा होऊन पाणी अडतं; दुहेरीत फटीत काकवीसारखा थर बसतो आणि भोक बुजतं. पितळी फिल्टर हे काम शांतपणे करतो. त्याला एक बारही लागत नाही.

२८
महाराष्ट्रात कॉफी पिकते ती चिखलदऱ्याला. अमरावतीच्या मित्राने पाव किलो आणली, दळून. दळून का आणलीस, असं तोंडावर आलं होतं. गिळलं. दुहेरी तळ लावला. छान झाली. तोही खूश.

२९
जवाहर कला केंद्र इथून जवळ. चार्ल्स कोरियांची इमारत, नऊ चौकोनांची. आतल्या कॉफी हाउसात मी बसतो तिथे कपात एस्प्रेसो नाही, फेस नाही, वेटरच्या डोक्यावर तुरा आहे. कॉफी दुधाची, गोड. बरोबर कटलेट. एक तास कोणी उठवत नाही. या सुविधेला बास्केट लागत नाही.

३०
घरमालकीणबाईंची परीक्षा. दोन कप, दोन्हींत तीच ताजी बी, सारखं दूध, सारखी साखर दोन चमचे. एक दुहेरी तळाचा, एक एकेरीचा. कोणता कोणता ते सांगितलं नाही.

त्यांनी दुहेरी तळाचा उचलला. "यो चोखो छै. यामें झाग छै."

दुसऱ्या दिवशी पुन्हा, कप अदलाबदल करून, फेस चमच्याने काढून टाकून. या वेळी त्यांना फरकच लागला नाही. मलाही दोनशे मिलिलिटर दुधाखाली तो शोधावा लागला. नुसती कोरी प्यायलो तेव्हा लगेच सापडला.

३१
म्हणून भाच्याला लिहिलं: रोज दूध घालून पीत असशील, घरी दळत नसशील, सकाळी आठची बस पकडायची असेल, तर दुहेरी तळ काढू नकोस. त्यात कमीपणा नाही. फक्त फेसावरून बी चांगली की वाईट ठरवू नकोस, आणि शॉट झाल्यावर दांडा घाईने फिरवू नकोस.

कोरी पीत असशील तर आधी ग्राइंडर, बारीक खटक्यांचा. बास्केट शेवटी.

त्याचं उत्तर: "मामा, बास्केट मागवली. ग्राइंडर पुढच्या महिन्यात बदलतो."

३२
रक्तातच आहे.

३३
साध्या बास्केटमधले आणखी दोन दिवस फुकट गेले ते थंडपणाने. दुहेरीत कधी लक्षात आलं नव्हतं. यंत्राचा हिरवा दिवा मिनिटभरात लागतो, पण तो पाण्याचा. दांडा, बास्केट, कप अजून डिसेंबरातले असतात. आता पूड न घालता एकदा नुसतं गरम पाणी सोडतो, दांड्यातून कपात. मग कप पुसून खरा शॉट. तेवढ्याने आंबटपणा अर्धा उतरला.

३४
पाणी. बिसलपूर धरणाचं नळाला येतं, नाही आलं की टँकर, टँकर नाही की बोअर. बोअरचं पाणी किटलीच्या तळाला पांढरा पापुद्रा ठेवून जातं. तो पापुद्रा दुहेरी तळाच्या भोकात बसला तर पिनेने निघत नाही. लिंबाच्या फुलाच्या पाण्यात बास्केट तासभर बुडवून ठेवावी लागते. एकदा बुडवली आणि विसरलो. सकाळी उठलो तर बास्केट नव्यासारखी चकचकीत.

३५
आजची नोंद. खटका ९, १३.२ ग्रॅम, २७ ग्रॅम, २८ सेकंद. फवारणी नाही. बाहेर कुत्री एकदम गप्प झाली होती, म्हणजे बिबट्या भिंतीजवळ असावा.

३६
पहिलंच यंत्र घ्यायला निघालेल्यांना एक विनंती. दुकानात १५ बार, २० बार हे सगळं ऐकून घ्या, मान डोलवा. मग बास्केट मागा आणि उलटी करून उजेडाकडे धरा.